मदत हवी आहे: पीककर्जाच्या हंगामात बायकोला संध्याकाळी जरा मोकळं कसं वाटेल?

शिक्षक_उदगीर

नमस्कार मंडळी. माझी पत्नी उदगीरजवळच्या एका गावात बँकेच्या शाखेत पीककर्जाचं टेबल सांभाळते. मे-जून आला की सकाळी शटर उघडायच्या आधीच रांग लागलेली असते. सातबारा, आठ-अ, बेबाकी, फेरफार, त्यात सर्व्हर बंद पडला की लोक तिच्यावरच खेकसतात. पेरणी तोंडावर आलेली असते, त्यामुळे लोकांचंही चुकत नाही.

संध्याकाळी साडेसातला एसटीनं घरी येते ती थेट पलंगावर आडवी होते आणि मोबाइल हातात घेते. मी चहा देतो, "आज कसं झालं?" विचारतो. एक तर "काही नाही" म्हणते, नाही तर झोपेपर्यंत तेच ते बोलत राहते. जेवतानाही फोन चालूच, कारण तिचा नंबर गावभर झालाय. दहाच्या पुढे वरच्या ऑफिसचा ग्रुप सुरू होतो, उद्या किती नूतनीकरणं करणार म्हणून. अकराला दिवे मालवतो, पण झोप लागायला तिला साडेबारा होतात. मध्येच उठून म्हणते, अमक्याच्या फाइलवर जामीनदाराची सही राहिली.

घरी आई आणि सहा वर्षांची लेक आहे. बदली किंवा लांब सुट्टी आत्ता शक्य नाही. रोजच्या संध्याकाळी घरच्या घरी काय करता येईल, एवढंच विचारायचं आहे.

परळीवाला

सर, राग मानू नका, पण माझ्या मते नोकरीच सोडायला सांगा. तुमचा पगार आहे की. जिवापेक्षा नोकरी मोठी नाही.

शिक्षक_उदगीर

नोकरी तिला आवडते. परीक्षा देऊन स्वतःच्या जोरावर मिळवलीय. प्रश्न संध्याकाळचा आहे.

गोदाकाठ_नांदेड

रात्री झोपताना बादलीत कडक पाणी घ्या, त्यात मूठभर जाडं मीठ टाका आणि पाय बुडवून बसवा. मीठ सगळा शीण ओढून घेतं. आमच्या घरी वर्षानुवर्षं चालत आलंय. गादीवर पडल्या पडल्या झोप लागते.

निवृत्त_सिस्टर

सर, मी बरीच वर्षं मानसोपचार वॉर्डात काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पाण्याचं. गोदाकाठ यांचा उपाय खरा आहे, पण काम करते ती ऊब, मीठ नव्हे. कोमट पाण्यानं पायाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथून अंगातली उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून थोडं गार होतं. झोप यायला ते गार होणंच लागतं. म्हणून हे अगदी झोपताना न करता तासभर आधी करा, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पाणी कडक नको, कोपर बुडवून सोसेल एवढंच. घरात कुणाला मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल, तर त्यांच्यासाठी हा उपाय करूच नका. चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तसंही तापलेलं असतं, त्यानंच निवांत अंघोळ केली तरी तेवढाच उपयोग.

आता मुख्य गोष्ट. त्यांना रात्री सही आठवते, कारण अर्धवट राहिलेलं काम डोकं सोडत नाही. ते कुठेतरी उतरवून ठेवलं की डोक्यावरचं ओझं कमी होतं. दिवसभरात काय झालं ते लिहायचं नाही, उद्याचं काम लिहायचं. "फाइल नीट करणे" असं मोघम नको. "दहाच्या आत फोन करून जामीनदाराला बोलवायचं, सही घ्यायची" असं पुढचं पाऊल लिहायचं. पाच मिनिटं लागतात. शाखेतून निघताना किंवा एसटीत बसल्यावर झालं तर उत्तम, नाही तर जेवणानंतर. वही साधी असू द्या, मोबाइलवर नको. मोबाइल उघडला की ग्रुपही दिसतोच.

घरात पाऊल टाकल्यावरचा पहिला अर्धा तास प्रश्न विचारू नका. चपला काढल्या, हातपाय धुतले, कपडे बदलले की खोलीत किंवा गच्चीवर एकटं बसू द्या. दिवसभर माणसांना उत्तरं देऊन आलेल्या माणसाला घरातला प्रेमाचा प्रश्नही आणखी एक टोकनच वाटतो. आईंना आणि लेकीला आधी सांगून ठेवा, म्हणजे मनाला लागणार नाही.

बोलणं जेवणानंतर. सुरुवातीलाच विचारा, "नुसतं ऐकू का काही सुचवू?" बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं. वीसेक मिनिटांनी दोघांनी मिळून विषय बदलायचा. तीच घटना तासभर उगाळली की मन हलकं होण्याऐवजी राग पुन्हा ताजा होतो. त्यांनी तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं की थांबायची वेळ आली समजा.

आणि साडेसातचा चहा बंद. पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात उरलेलं असतं. ताक द्या, पन्हं द्या.

एसटीवाल्याची_बायको

ताई, आमचे मालक ड्रायव्हर आहेत. कधी रात्री नऊला येतात, कधी पहाटे. आल्यावर एकटं बसवलं की जास्तच चिडायलेत. दिवसभर सीटवर एकटेच असतात ना. घरी आले की पोरांचा गोंधळ पाहिजे, नाही तर अंगणात झाडांना पाणी घालत बसतात. मग बरं वाटतं त्यांना. सगळ्यांना एकच लागू होत नसेल असं मला वाटतं.

निवृत्त_सिस्टर

अगदी बरोबर बोललात. दिवसभर जे मिळालं नाही ते संध्याकाळी द्यायचं. त्या दिवसभर गर्दीत असतात, त्यांना शांतता हवी. तुमचे मालक एकटे असतात, त्यांना माणसं हवीत. सर, एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनाच विचारून ठरवा. दमलेल्या वेळी विचारलं तर "काहीही कर" असंच उत्तर मिळेल.

शिक्षक_उदगीर

सगळ्यांचे आभार. रविवारी दोघं बसून बोललो. ती म्हणाली, एकटी बसायला हरकत नाही, पण लेकीनं दारात येऊन मिठी मारलेली तिला हवी असते. मग असं ठरवलं की आधी लेक, मग गच्ची, मग जेवण. चहाऐवजी ताक सुरू आहे. आईला पहिले दिवस अवघड गेलं. सून घरी येऊन बोलत नाही असं वाटलं, पण कारण सांगितल्यावर आता लेकीला तीच गोष्टी सांगत बसवते. वहीचा फरक मला दिसतो. एसटीत हलतं म्हणून ती स्टँडवर गाडीची वाट बघतानाच लिहिते. मध्येच उठून फाइल आठवणं कमी झालंय, पण झोप अजून उशिराच लागते.

अडलंय ते फोनवर. गावातल्या लोकांसाठी तिनं ठरवलंय की आठनंतर उचलायचा नाही आणि सकाळी स्वतःहून लावायचा. लोक ऐकायलेत. पण वरच्या ऑफिसचा ग्रुप बंद ठेवला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारणा होते.

मांजराकाठ

मीही बँकेतच आहे. ग्रुप म्यूट करायचा आणि नऊला एकदाच बघून आकडा टाकायचा. उरलेलं सकाळी. माझ्याकडे चाललं, कारण आमचे मॅनेजर समजूतदार आहेत. सगळीकडे चालेल याची खात्री देत नाही. शाखेतल्या चौघांनी मिळून मॅनेजरना सांगितलं तर एकट्यावर येत नाही.

निवृत्त_सिस्टर

नऊला बघितलं तर वहीत त्याची ओळ टाकायची आणि फोन रात्रभर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

अजून एक, सर. हंगाम सरल्यावरही दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडालेली राहिली, जेवण तुटलं, कशातच मन लागेना किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलल्या, तर संध्याकाळच्या उपायांवर थांबू नका. जगण्याबद्दल असं काही बोलल्या तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर दिवसा-रात्री कधीही फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

शिक्षक_उदगीर

नंबर लिहून घेतला. शाखेतल्या दोघी तयार आहेत, तिसऱ्यांचं अजून ठरत नाहीये. सोमवारी मॅनेजरशी बोलणार आहेत. काय होतं ते इथेच लिहीन.