मदत हवी आहे: लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचा आशीर्वाद

नमस्कार मंडळी. भाचीची पत्रिका छापायला द्यायची आहे. 'वक्रतुंड' सगळीकडेच असतं, म्हणून ऋग्वेदातल्या विवाहसूक्तातला (१०.८५.४२) हा मंत्र काढलाय:

इहैव स्तं मा वि यौष्टं विश्वमायुर्व्यश्नुतम् ।
क्रीळन्तौ पुत्रैर्नप्तृभिर्मोदमानौ स्वे गृहे ॥

यातली क्रियापदं द्विवचनी आहेत, म्हणजे आशीर्वाद वधूवर दोघांना मिळून आहे. मला तेच फार भावलं. खाली अर्थ असा देणार आहे: 'इथेच राहा, एकमेकांपासून दुरावू नका, पूर्ण आयुष्य जगा. मुला-नातवंडांशी खेळत आपल्या घरी आनंदात राहा.' मूळ शब्द 'पुत्र' आणि 'नातू' असे आहेत, पण त्यात लेकी-नातीही याव्यात म्हणून मी 'मुला-नातवंडांशी' लिहिलं. हे योग्य वाटतं का?

खरी अडचण 'इहैव'ची. भाची-जावई लग्नानंतर परदेशी जाणार, त्यामुळे 'इथेच राहा' वाचून घरचे बुचकळ्यात पडलेत. शेवटचं 'स्वे गृहे' पाहता 'इथे' म्हणजे दोघांचा संसार, असं मला वाटतं. मग 'या संसारात एकत्र राहा' लिहू का? जाणकारांनी सांगावं.

प्रुफात 'क्रीडन्तौ' आलंय आणि 'व्यश्नुतम्'च्या 'म्'चा पाय मोडायचा राहिलाय. ऋग्वेदाच्या पाठात 'ळ' आहे, तोच ठेवते. आणखी काही चुकलंय का? परवा छपाई आहे.