मदत हवी आहे: क्रेडिट कार्डाची वार्षिक फी माफ करून घ्यायची आहे

राम राम मंडळी, मी जळगावचा. कार्डाची फी १,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,७७० रुपये या बिलात लागलेत. वर्षात दोन लाख खर्च केला तर फी माफ, अशी अट. माझा खर्च २,१८,०००, पण त्यातलं ३१,००० चं पेट्रोल बँक धरत नाही. म्हणजे भरले १,८७,०००, तेरा हजार कमी पडले. (रावेरला शेताच्या फेऱ्या, पेट्रोल लागणारच!)

कस्टमर केअरने आधी सरळ नाही म्हटलं. कार्ड बंद करा म्हटल्यावर फोन दुसऱ्या विभागात गेला आणि ऑफर आली: ६० दिवसांत २५,००० खर्च करा, फी परत.

आता विचारायचं असं, की फीसोबत जीएसटीचे २७० पण परत येतात का? हे २५,००० पुढच्या वर्षाच्या दोन लाखांतही मोजतात का? ऑफर ईमेलवर लेखी मागितली तर देतात का? लेट फी आणि व्याज नको म्हणून बिल तर मी पूर्ण भरणारच आहे. की अजून ताणून विनाअट माफी मागू? कार्ड जुनं आहे, खरंच बंद करायचं नाहीये. कोणी अलीकडे असं करून घेतलं असेल तर सांगा भाऊ.