हॉल किंवा केटररचं बुकिंग रद्द केल्यावर पैसे परत मिळाले का? अनुभव लिहा

सावली: काल कपाट आवरताना हॉलची जुनी पावती हाती आली. मागे बारीक अक्षरांत छापलंय, ‘९० दिवस आधी कळवल्यास बुकिंग रकमेच्या २५ टक्के कपात, त्यानंतर ५० टक्के, ६० दिवसांच्या आत परतावा नाही.’ एकूण भाडं १०० धरा, आम्ही आगाऊ ५० भरले होते, शिवाय अनामत १०. बाबांनी ९४ दिवस आधी फोन केला, पण पत्र पोचलं ८८ दिवस आधी. मॅनेजर म्हणाला, पत्राचीच तारीख धरणार, ५० कापले, हिशेब संपला. अनामतीचं ‘नंतर बघू’.

फोननंतर लगेच मी त्याला मेसेज केला होता आणि त्याचं ‘ओके, नोंद केली’ आलं होतं. त्याची प्रिंट जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तीन खेपा झाल्या. २५ कापून २५ आणि अनामत १०, असे ३५ मिळाले.

रेवा: बाबांना किती त्रास झाला असेल गं. लग्न मोडलं होतं का? नको वाटलं तर नको सांगूस.

सावली: नाही गं. आजी गेली. लग्न पुढे ढकललं.

निशिगंध: तारीख दुसऱ्या कुणी घेतली की हॉलवाल्याला सगळे पैसे द्यावेच लागतात. आम्हाला मिळाले होते.

दादा_वकील: तुमच्या पावतीवर तसं लिहिलं असेल. नसेल तर आपोआप मिळत नाहीत. पण त्याचं नुकसान भरून निघालं, हा मुद्दा अर्जात जरूर मांडावा.
सावलीताई, ‘बुकिंग रक्कम’ म्हणजे एकूण भाडं की भरलेला आगाऊ? संदिग्ध शब्द लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचा, असा करारांचा जुना नियम आहे. आगाऊच्या २५ टक्के धरले असते तर साडेबाराच कापले गेले असते. अनामत तर नुकसानभरपाईसाठी असते, कार्यक्रमच झाला नाही तर ती पूर्ण परत.

सावली: अरे देवा, हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही!

मंजू: आम्ही तारीख बदलली होती, तर नवीन दराचा फरक घेतला. बरोबर आहे का? घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

रेवा: मंजू, धाकटीची परीक्षा कशी झाली?

मंजू: झाली बाई एकदाची.

ओंकार: आम्ही १२ दिवस आधी रद्द केलं तरी आमच्या केटररनं ‘माल भरलाय’ म्हणून पूर्ण आगाऊ ठेवला. खरेदीची बिलं मागितली तर फक्त कोरड्या मालाचं एक निघालं. नाशवंत माल १२ दिवस आधी कोण भरतं? अर्धे परत दिले, बाकीच्या पैशांसाठी भांडण चालू आहे. कोरडा माल तो दुसऱ्या ऑर्डरला वापरेल ना?

निशिगंध: सावली, अर्जाचा फोटो टाक ना, नावं झाकून. भावाला उद्याच द्यायचाय.