प्रतिसाद: मावशींसाठी घाट टाळून चिपळूण

> पुण्याहून चिपळूणला जायचंय. मावशीला वळणांवर उलट्या होतात. ताम्हिणी घ्यावा की कुंभार्ली?

दोन्ही नकोत. सह्याद्री उतरावा तर लागणारच, पण आम्ही आत्याला एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरवतो. तिथली वळणं रुंद आहेत. पुढे पाली, वाकण फाटा आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, महाड, पोलादपूर. कशेडीचा जुना घाट तिला सर्वांत जास्त लागायचा, आता बोगद्यातून सरळ खेडकडे निघतो. परशुराम घाट उरतो, तोही रुंद झालाय. वेळ तासाभराने वाढतो, पण वाटेत तीनदा थांबण्यापेक्षा हे परवडतं. मॅप जवळचा रस्ता म्हणून ताम्हिणीत घालतो, म्हणून मधला थांबा 'वाकण' टाकून ठेवा.

मावशींना पुढच्या सीटवर बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच द्या, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी लागू पडत नाही. आमची आत्या आधी बोलायची थांबते, मग जांभया देते आणि कपाळावर गार घाम येतो. जांभई दिसली की मी लगेच गाडी सुरक्षित जागी बाजूला घेते, दहा मिनिटं तिला खाली उतरवून उभं करते.