‘गॉट रिजेक्टेड’ चालतं का? आणि ते ‘बीइंग रिव्ह्यूड’?

टाचणी: रोज संध्याकाळी टीमला इंग्रजीत स्टेटस पाठवते. काल लिहिलं, ‘द बिल्ड गॉट रिजेक्टेड. द फिक्स इज बीइंग रिव्ह्यूड.’ लीडने दोन्ही वाक्यं खोडली. म्हणे ‘गॉट’ ही बोलीभाषा आणि ‘बीइंग’ म्हणजे गोलमाल. खरंच चुकलंय का?

जुनाखांब: लीड बरोबर आहे. पॅसिव्ह ‘बी’चाच, शाळेत तोच शिकवला. ‘गॉट’ चॅटवर ठीक, लेखी स्टेटसमध्ये ‘वॉज रिजेक्टेड’ लिहा आणि मोकळं व्हा.

रात्रपाळी: शाळेत शिकवला नाही म्हणून पॅसिव्ह नाही असं कसं? ‘गॉट’ सैलसर वाटतो हे मान्य, औपचारिक अहवालात मीही टाळतो. पण एक काम त्याच्याशिवाय नीट होत नाही. ‘द तिकीट वॉज क्लोज्ड अ‍ॅट फाइव्ह’ वाचा. पाचला कुणीतरी तिकीट बंद केलं, की पाचला बघितलं तेव्हा ते आधीच बंद होतं? दोन्ही अर्थ निघतात. ‘गॉट क्लोज्ड अ‍ॅट फाइव्ह’मध्ये पहिलाच निघतो, कारण ‘गेट’ घडलेली गोष्ट सांगतो, स्थिती नाही. सिस्टिम बंद पडल्यावर कधी काय झालं ते मिनिटामिनिटाने लिहिताना हा फरक महागात पडतो. फक्त प्रश्न ‘डिड’ने करा: ‘डिड इट गेट अप्रूव्ह्ड?’ ‘गॉट इट अप्रूव्ह्ड?’ असं विचारणारेही भेटलेत मला.

मीठमिरची: माझंही तेच झालं! ‘आय गॉट युअर मेल’ लिहिलं तर मॅनेजरने ‘रिसीव्ह्ड’ करायला लावलं.

रात्रपाळी: तो ‘गॉट’ वेगळा, तुम्हाला मेल मिळाला. इथे बिल्डवर काहीतरी गुदरलंय.

वाटाड्या: माझा आक्षेप बोलीभाषेवर नाहीच. ‘द टेबल गॉट डिलीटेड’ वाचलं की ‘ग्लास फुटला’ आठवतं. अहो, फोडला कुणी? आपण मनात ‘डिलीट झालं’ म्हणतो आणि तेच इंग्रजीत उतरवतो. ‘डिलीट केलं’ म्हणायची हिंमत नसते.

रात्रपाळी: ‘वॉज डिलीटेड’मध्ये तरी कुणाचं नाव आहे? करणारा दोन्हीकडे गायब. पण ‘गॉट’ला ‘आपोआप घडलं’ असा वास येतो, एवढं देतो तुम्हाला. चूक आपली असेल तर ‘आय डिलीटेड’ लिहावं.

चकोर: ‘बीइंग’कडे कुणी बघतच नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. आमच्याकडे एकाने लिहिलं, ‘द पेमेंट मॉड्यूल इज बीन टेस्टेड.’ त्याला म्हणायचं होतं टेस्टिंग चालू आहे, म्हणजे ‘इज बीइंग’. समोरच्याने वाचलं ‘हॅज बीन’, टेस्ट होऊन गेली. त्याने रिलीजची तारीख कळवूनही टाकली. एका शब्दावर काम अर्धवट की पूर्ण हे फिरलं. दुसरी गफलत मराठीतून येते. ‘तपासलं आहे’मधल्या ‘आहे’ला आपण ‘इज’ लावतो आणि ‘द डॉक्युमेंट इज रिव्ह्यूड’ लिहितो. त्यावरून ‘नेहमी तपासलं जातं’ असंही वाटतं. तपासून झालं असेल तर ‘हॅज बीन रिव्ह्यूड’, चालू असेल तर ‘इज बीइंग रिव्ह्यूड’.

जुनाखांब: म्हणजे ‘बीइंग’ बरोबर आणि लीड चूक?

चकोर: व्याकरणाने बरोबर. गंमत म्हणजे १९व्या शतकात इंग्रजीतलेच लोक या रचनेवर नाकं मुरडत होते. त्याआधी ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणूनच घर बांधलं जायचं! पण लीडला खुपतंय ते मला कळतं. ‘इज बीइंग रिव्ह्यूड’ म्हणजे आत्ता कुणीतरी त्यावर बसलंय असा दावा झाला. फिक्स कुणी उघडलाच नसेल तर तो दावा खोटा. तिथे ‘इज वेटिंग फॉर रिव्ह्यू’ म्हणायचं. माझी कसोटी सोपी आहे: कोण बघतंय त्याचं नाव सांगता येत नसेल तर ‘बीइंग’ लावू नका.

टाचणी: थांबा, बघितलं. रिव्ह्यूअर अजून नेमलेलाच नाही. म्हणजे ‘वेटिंग’. पण बिल्ड खरंच कालच नाकारला गेला, ‘गॉट’ ठेवू का?

रात्रपाळी: ठेवा. ‘रिजेक्टेड’मध्ये तसा गोंधळ कमी, ‘वॉज’नेही चालतं. ‘क्लोज्ड’, ‘ब्लॉक्ड’, ‘लॉक्ड’ला मात्र ‘गॉट’ सोडू नका.

जुनाखांब: मी तरी ‘वॉज क्लोज्ड बाय द सिस्टिम अ‍ॅट फाइव्ह’ लिहीन. अर्थ एकच निघतो आणि ‘गॉट’ही लागत नाही.

वाटाड्या: हे बरं आहे. कुणी केलं तेही कळलं.