मदत हवी आहे: जोडधंदा कधी थांबवायचा?

नोकरी सांभाळून तीन वर्षं ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करून देते. पैसे मुद्रणाच्या मिनिटांवर मिळतात. एका तासाच्या मुद्रणाला नोकरीतल्या दोन तासांएवढे, म्हणून हौसेने घेतलं. गेल्या महिन्यात मात्र घड्याळ लावून वेळ लिहून ठेवला. दहा तासांच्या मुद्रणाला टायपिंग 40 तास, पुन्हा ऐकून तपासायला 10, दुरुस्त्या, मेल आणि बिलं यात 6. म्हणजे 56 तास राबून मिळकत नोकरीतल्या 20 तासांची! एकेका नावासाठी तेच आठ सेकंद दहा वेळा मागे घेते. रात्रीचे बारा वाजतात. बंद करू का?

सरळरेघ: तासाला नोकरीपेक्षा कमी पडतंय ना? मग आजच बंद कर.

पिंपळपान: टायपिंगचा वेग वाढव की. मी सराव केला, वेळ बराच वाचला.

धागाकर्ती: बोटं अडत नाहीत हो, कान अडतात.

जुनी खतावणी: सरळरेघ, तुलना नोकरीशी करून भागत नाही. तिचं ऑफिस रात्रीच्या तासांचे जादा पैसे देणार आहे का? त्या वेळेत ती दुसरं काय करेल, ते बघायला हवं. ताई, एकाच माणसाचं बोलणं आणि बैठकांची मुद्रणं वेगळी काढा. सरासरीत दोन्ही लपतात.

धागाकर्ती: काढली. एकट्या वक्त्याची 6 तासांची मुद्रणं, सगळं धरून 24 तास लागले. बैठकांची 4 तासांची, 32 तास! चौघं एकदम बोलतात.

जुनी खतावणी: म्हणजे पहिल्यात नोकरीच्या निम्मा दर पडतो, दुसऱ्यात पाव. आधी बैठकांचे दुप्पट पैसे मागा. नाही म्हणाले तर ती कामं सोडा. दोन महिने पुन्हा वेळ लिहा. अर्धा दरही झोपेच्या बदल्यात नको वाटला, तर सगळंच थांबवा. तो आकडा तुमचा तुम्हीच ठरवायचा.

सायंतारा: मी शिकवण्या वर्षभर उगाच ओढल्या, फळा आणि पुस्तकं घेतली होती म्हणून. ते पैसे तर कधीच गेले होते.

धागाकर्ती: माझंही तेच. मुद्रण थांबवायचं पायपेडल आणि भारीतले हेडफोन समोर दिसले की वाटतं, अजून थोडे दिवस. विकून टाकेन. दरवाढीचं पत्र आज पाठवते. पण बैठकांची कामं देणाऱ्यानेच मला पहिलं काम दिलं होतं, तीन वर्षांत एकदाही पैसे उशिरा दिले नाहीत. त्याला कसं सांगू?

सरळरेघ: चालू काम पूर्ण करून द्या, पुढचं घेऊ नका.

जुनी खतावणी: मी महिनाभर आधी कळवेन. ओळखीतलं दुसरं कुणी असेल तर नावही सुचवेन.

धागाकर्ती: ओळखीत एक जण आहे. पण तिलाही हाच दर मिळणार, म्हणून नाव द्यावं की नाही तेच कळत नाहीये.