पहिली विकेट कशी जाणार आणि सलामी किती टिकणार: भाव लावायचा कसा?

सातरस्ता_स्कोअरर: टी-२०साठी एक्सेलमध्ये भाव काढून बघतोय. एक ओपनर सरासरी २० चेंडूंनी आऊट होतो, दुसरा २५ चेंडूंनी. दोघांचा मिळून वेग अवांतर धरून चेंडूला १.३ धावा. म्हणजे सलामी सरासरी २९ची. मग लाईन २८.५ ठेवली तर चुकलं कुठं? आणि पहिल्या ओपनरच्या १२ विकेटांपैकी १० झेल आहेत, म्हणून ‘झेलबाद’ ८३ टक्के धरलंय.

पार्कचा_म्हातारा_ओपनर: चुकलं काही नाही बे. सरासरी म्हणजे सरासरी.

दशांश: २९ हा आकडा बरोबर आहे, लाईन चुकली. लाईन म्हणजे निम्म्या वेळा वर, निम्म्या वेळा खाली असा आकडा. चार डाव बघा: ४, १२, १९, ८१. सरासरी २९, पण चारपैकी तीन डाव खालीच. एका ८१ने सरासरी वर ओढली. दर चेंडूला विकेटचा धोका सारखाच धरला, तर मधला आकडा सरासरीच्या ०.६९ पट येतो, म्हणजे २०च्या आसपास. २८.५ ठेवलीत तर ‘खाली’वाले तुम्हाला लुटतील. त्यातही नवा चेंडू, न जमलेला फलंदाज, म्हणजे सुरुवातीलाच धोका जास्त. मी १९.५ने सुरू करीन.

पार्कचा_म्हातारा_ओपनर: पार्क मैदानावर आमची जोडी फोडायला बॉलर लागायचाच नाही. जोडीदार "ये ये" म्हणायचा आणि अर्ध्यावरनं "नको" म्हणायचा. मी चार डावांत तीनदा रनआऊट. हे धरलंय का तुमच्या एक्सेलनं?

दशांश: काका, हसत नाही, हाच मुद्दा अडचणीचा आहे. बॉलरच्या खात्यात रनआऊट येतच नाही, बॅट्समनच्या येतो. बॉलरच्या १०० विकेटांत ६८ झेल आणि बॅट्समनच्या १०० विकेटांत ६८ झेल हे एक नव्हे. आधी रनआऊट बाजूला काढून दोघांना एका पायावर आणा, शेवटी त्याचा वाटा परत घाला.

आणि १२ विकेटांवर ८३ टक्के? लीगमधलं झेलाचं प्रमाण समजा ६२ टक्के. त्या प्रमाणात ३० काल्पनिक विकेटा मिसळा: १० अधिक १८.६, भागिले ४२. आले ६८ टक्के. ३० हा माझा अंदाज, जुन्या मॅचेसवर तपासून बदला.

हुरडापार्टी: पण पहिला कोण आऊट होणार ते कुठं ठाऊक आहे? एकाच ओपनरचे झेल मोजून काय उपयोग?

दशांश: खरंय. दोघांचे वाटे धोक्याच्या प्रमाणात मिसळा, इथे ५ला ४.

हुरडापार्टी: २० चेंडूवाल्याला स्ट्राईक कमी मिळाली तर ५ला ४ कसं टिकेल?

सातरस्ता_स्कोअरर: माझ्या शीटमध्ये स्ट्राईकचा कॉलमच नाही.

सिद्धेश्वर_पेठकर: हा सट्टा आहे. २०२५च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाईन खेळ बंद झालेत, विसरलात काय?

सातरस्ता_स्कोअरर: पैसे नाहीत हो, चहाची पैज.